मदत हवी आहे: खिडकी जळते, नाहीतर हॉल मेल्यासारखा दिसतो

रेणुका_इंटिरियर: हॉलचा व्ह्यू उद्या सकाळी क्लायंटला द्यायचाय. त्यांना दिवसाचा उजेडही हवाय आणि लॅम्पचा पिवळा उबदारपणाही. बाल्कनीच्या दारातून ऊन आत आलं की ते सगळं पांढरं फटक होतं. ऊन कमी केलं तर खोली राखाडी. लॅम्प 5000 पर्यंत वाढवले तरी लागलेत असं वाटतच नाही. काय करू?

गवंडी७२: वॉर्म व्हाइट 3000 केल्व्हिनचे एलईडी घ्या आणि बाल्कनीला जाड पडदा लावा. आमच्याकडे पश्चिमेचं ऊन होतं, पडद्याने खूप फरक पडला.

रेणुका_इंटिरियर: काका, खरं घर नाही, रेंडर आहे.

थ्रीडी_मंदार: छताखाली एक मोठा रेक्टँगल लाइट टाका, Invisible करा. कोपरे लगेच उजळतात. मी प्रत्येक सीनमध्ये टाकतो.

सुलभा_व्ह्यूज: मंदार, कोपरे उजळतील हे खरं, पण त्या लाइटनेच खोली सपाट होते. वरून सगळीकडे सारखा उजेड आला की सोफ्याखालची सावलीही जाते. रेणुका, सॉफ्टवेअर कोणतं? एक्सपोजर किती? सूर्य किती वाजताचा? 5000 म्हणजे कोणत्या युनिटमध्ये?

रेणुका_इंटिरियर: स्केचअप आणि व्हीरे. एक्सपोजरला हात लावला नाही, 14.229 आहे. वेळ दुपारी दीड. युनिट जे येतं तेच.

सुलभा_व्ह्यूज: मग लॅम्प दिसणार कसे? 14 हे भर उन्हातल्या बाहेरच्या दृश्याचं एक्सपोजर आहे. खरा कॅमेरा त्यावर लावून हॉलचा फोटो काढला तर दिवा लागलाय की नाही ते कळणार नाही. EV एकने उतरवलं की चित्र दुप्पट उजळतं. 14 वरून 10 वर आलात की सोळापट. म्हणून आधी एक्सपोजर खोलीसाठी लावा, मगच दिव्यांना हात लावा.

पण सूर्य दीडचाच ठेवला तर 10 वर जमिनीवरचं ऊन आणखी जळेल. ऊन आणि टेबललॅम्प यांच्यात इतकं अंतर आहे की एका फोटोत दोन्ही नीट येत नाहीत. फोटोग्राफर म्हणून तर संध्याकाळची वाट बघतात. वेळ साडेपाच-सहाची करा. ऊन तिरपं आणि मऊ होईल, बाहेर निळसर राहील, आणि लॅम्पच्या पिवळ्याला त्या निळ्याशेजारी अर्थ येईल.

थ्रीडी_मंदार: एवढं कशाला? फोटोशॉपमध्ये हायलाइट खाली ओढा.

सुलभा_व्ह्यूज: जेपीजीत जे पांढरं झालं ते गेलं, तिथे ओढायला काही उरत नाही. ईएक्सआर सेव्ह केलं असेल तर थोडं वाचतं.

निखिल_नागपूर: माझं एवढं रेंडर व्हायला चार तास लागतात, कोणतं कार्ड घेऊ?

रेणुका_इंटिरियर: वेळ सहाची केली, EV 9. पण ऊन दारातून येतच नाही, भलत्याच बाजूने येतंय!

सुलभा_व्ह्यूज: मॉडेलला लोकेशन दिलंय का? नसेल दिलं तर स्केचअप अमेरिकेतलं बोल्डर, कोलोरॅडो धरतं, आणि सूर्यही तिथलाच. लोकेशन द्या, उत्तर दिशा तपासा. आणि लॅम्पचं युनिट Luminous Power करा. Default (scalar) मध्ये रेक्टँगल लाइटचा आकार बदलला की उजेडही बदलतो, मग आकड्यावर भरवसा राहत नाही. साध्या बल्बला 800 लुमेन द्या, रंग 2700 केल्व्हिन. कमी वाटलं तर 1500. व्हाइट बॅलन्स 5000 च्या आसपास ठेवा. 6500 वर लॅम्प नारिंगी होतो.

भिंतींचा पांढरा किती आहे? 255 असेल तर 210 करा. पूर्ण पांढऱ्या भिंती आलेला सगळा उजेड परत फेकतात, आणि सपाटपणा बऱ्याचदा तिथूनच येतो.

रेणुका_इंटिरियर: 255 च होता. लोकेशन ठाणे दिलं. ताई, पहिल्यांदाच सोफ्याच्या पाठीवर लॅम्पचा उजेड दिसतोय आणि बाजूचा कोपरा अंधारा राहिलाय. मला तो आवडतोय. पण पडदा अजून फटक पांढरा आहे.

सुलभा_व्ह्यूज: फ्रेम बफरमध्ये पडद्यावर राइट क्लिक करा. आकडे 1 च्या वर आहेत का?

रेणुका_इंटिरियर: 2.3.

सुलभा_व्ह्यूज: पडद्याच्या कापडाचा रंगही 255 असेल, तो उतरवा. तरी 1 च्या वर राहिला तर Highlight Burn कमी करून बघा, पण थोडंच; फार केलं की सगळंच धुरकट होतं. दाराच्या कडेची एक पट्टी जळली तर मी जळू देते.

थ्रीडी_मंदार: माझे क्लायंट जळलेली पट्टी चालवून घेत नाहीत. आणि अंधारा कोपरा तर नाहीच.

रेणुका_इंटिरियर: पडदा 190 वर नेला, आता 1.2. रात्रभर लावून ठेवते. मंदार दादा, कोपऱ्यात हळूच एक फ्लोअर लॅम्प ठेवला तर? तो निदान चित्रात दिसेल तरी.