मदत हवी आहे: मायसेल बनताना एन्ट्रॉपी वाढते कशी?

शर्वरी: एसडीएस या साबणासारख्या रसायनाचं प्रॅक्टिकल आहे. मायसेल बनू लागले की कंडक्टिव्हिटीचा आलेख वाकतो; माझा ५.५ मिलिमोलरला वाकतो, पुस्तकात ८.२ आहे. चारदा करून पाहिलं. शिवाय मायसेल म्हणजे साठेक रेणू एकत्र येऊन झालेला गोळा, म्हणजे एन्ट्रॉपी कमी व्हायला हवी ना? तरी 'एन्ट्रॉपीमुळे' असंच उत्तर हवं म्हणतात. उद्या व्हायवा आहे, लवकर सांगा.

विनयकाका: पाणी कुठलं? तापमान किती?

गिरीश_पी: एसडीएसच्या रेणूला तेलकट शेपटी असते, तिला पाणी ढकलून देतं, एवढंच. एन्ट्रॉपी कशाला हवी मध्ये?

मेधा: ढकलत नाही, गिरीश. शेपटी आणि पाणी यांच्यात थोडं आकर्षणच असतं. पण पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना फार घट्ट धरून असतात. मध्ये शेपटी आली की ते बंध टिकवायला तिच्या भोवतालच्या रेणूंना ठरावीक दिशांनाच वळून राहावं लागतं. शेपट्या एकमेकींत लपल्या की हे पाणी मोकळं होतं, त्याची एन्ट्रॉपी वाढते. शर्वरी, तू साबणाचे रेणू मोजलेस, पाण्याचे राहिले.

गिरीश_पी: पुरावा?

मेधा: २५ अंशांच्या आसपास एसडीएसचे मायसेल बनताना उष्णतेची देवघेव जवळपास शून्य असते. तरी ते बनतात.

गिरीश_पी: आणि ५० अंशांना? तिथे उष्णता बाहेर पडते. मग सगळं श्रेय एन्ट्रॉपीला कसं?

मेधा: हे बरोबर आहे. तापमान वाढलं की तिचा वाटा घटतो. शेपटीभोवती बर्फासारखं कवच असतं, हे १९४५ चं फ्रँक आणि इव्हान्स यांचं चित्रही आज कुणी शब्दशः घेत नाही.

सुलभाताई: आमच्या बोअरच्या पाण्यात साबणाला फेसच येत नाही, नुसता पांढरा साका बसतो. मायसेल बनत नाहीत म्हणून का?

विनयकाका: ताई, तो कॅल्शियमचा साका, विषय वेगळा. शर्वरी, पाणी?

शर्वरी: डिस्टिल्ड, २७ अंश. मीठ शीटप्रमाणे ०.०१ मोलर, ते तर सगळेच घालतात. पण ठरावीक संहतीलाच का बनतात, ते अजून कळलं नाही.

विनयकाका: अगं, हे आधी सांगायचं! एसडीएसची डोकी ऋणभारित, एकमेकींना दूर लोटतात. मिठातले सोडियम आयन ते लोटणं सौम्य करतात, म्हणून गोळा लवकर जमतो. एवढ्या मिठाला ५.५ ठीकच आहे. ८.२ हा नुसत्या पाण्यातला आकडा.

मेधा: संहतीचं असं बघ. दोन-तीन रेणू जवळ आले तरी शेपट्या उघड्याच राहतात, नीट झाकायला काही डझन लागतात. गोळ्यात शिरताना प्रत्येक रेणू आपली भटकायची मोकळीक गमावतो. द्रावण जितकं विरळ तितकी ती मोकळीक मोठी, पण शेपटी लपवण्याचा फायदा साधारण तेवढाच. गोळे बनू लागतात त्या संहतीला, म्हणजे सीएमसीला, दोन्ही बरोबरीला येतात. त्यापुढे घातलेले रेणू बहुतेक गोळ्यांतच जातात.

शर्वरी: मग गोळा साठावरच का थांबतो, वाढत का नाही?

गिरीश_पी: डोक्यांमुळे. एकदा मिठाशिवाय करून बघ. तरीही सीएमसी कमीच आली तर नमुन्यात डोडेकॅनॉलची भेसळ असेल. आमचा जुना डबा तसाच निघाला होता.