मिस्टर दिवसभर बीपी आणि घड्याळातले ठोके बघत असतात, किती वेळा बघणं योग्य?

केळीबाग_रावेर
नमस्कार. आम्ही रावेर तालुक्यातले, केळीची शेती आहे. मिस्टरांचं वय 46. गेल्या उन्हाळ्यात चुलत सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला आणि तेव्हापासून ह्यांच्या मनात बीपीनं घर केलंय. दवाखान्यात 146/92 निघालं. डॉक्टरांनी गोळी सुरू केली नाही, "आठवडाभर घरी मोजा आणि लिहून आणा" एवढंच सांगितलं. आम्ही मशीन आणलं, भाच्यानं मनगटावरचं घड्याळ दिलं.

तो आठवडा काही संपेना. उठल्याबरोबर, चहा झाला की, शेतातून आले की, जेवले की मोजायचं. आकडा जास्त आला तर लगेच पुन्हा, खाली येईपर्यंत. रात्रीची लाईट असली की मोटर चालू करायला जातात आणि तिथून मला फोन करतात, "ठोके 118 दाखवतंय." मध्यरात्री जाग आली तरी आधी मनगट बघतात. मग मला विचारतात, "काही होणार नाही ना?" मी नाही म्हणते, अर्ध्या तासानं पुन्हा तोच प्रश्न. जेवण कमी झालंय, झोप तर नाहीच.

दिवसातून किती वेळा मोजावं याचा काही नियम असतो का? की मशीन लपवूनच ठेवू?

आबा_अमळनेर
ताई, माले तं वाटस ते घड्याळ पहिले काढी टाका. मशीन कपाटात घाला, कुलूप लावा. आकडा दिसलाच नाही तर माणूस घाबरेल कशाला? आमच्या वडिलांनी जन्मभर बीपी मोजलं नाही, 84 वर्षं जगले.

सिस्टर_भुसावळ
आबा, घड्याळाबद्दल तुमचं म्हणणं बरंचसं पटतं, मशीनबद्दल नाही. 146/92 सोडून देण्यासारखं नसतं. बीपी वाढलेलं असून काही जाणवत नाही असं रोज बघायला मिळतं. डॉक्टरांना त्या आठवड्याच्या नोंदी खरंच लागणार आहेत. फक्त त्या धड घेतलेल्या हव्यात.

ताई, घरी मोजायची पद्धत ठरलेली आहे. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा बसायचं. प्रत्येक वेळी दोनच रीडिंग, मध्ये एक मिनिट. दोन्ही लिहायची, चांगलं आलेलं निवडायचं नाही. असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यायचे, कारण त्या दिवशी मशीनची धास्ती असते, आणि उरलेल्या सहा दिवसांची सरासरी काढायची. घरच्या सरासरीसाठी रेषा 135/85 ची आहे, दवाखान्यातल्या 140/90 सारखी. एकेकट्या आकड्यावरून काही ठरत नाही. एकाच माणसाचं बीपी दिवसभरात सहज 20-30 नी वरखाली होतं, ते तसंच असायला हवं.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मेहनत नको. लघवीला जाऊन यायचं. खुर्चीला पाठ टेकवून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीला. त्या वेळात बोलायचं नाही, बोलण्यानंही आकडा चढतो. शेतातून आल्या आल्या मोजलं तर जास्त येणारच, तो आजार नव्हे.

एक विचारते. मिस्टर अंगानं कसे आहेत? दंडाचा घेर टेपनं मोजा, आणि पट्ट्यावर जो सेंटीमीटरचा आकडा छापलेला असतो तोही सांगा.

संदीप_धुळे
चांगला धागा. माझाही हाच प्रश्न आहे, कोणतं घड्याळ सगळ्यात अचूक? माझं तर पट्टा न लावताच बीपी दाखवतं. परवा 128 दाखवलं, आईच्या मशीनवर 141. तेव्हापासून दोन्हीवर तासातासाला बघतोय. शुगरचं पण घड्याळ आलंय म्हणतात, घ्यावं का?

सिस्टर_भुसावळ
संदीप, ताईंचा प्रश्न किती वेळा बघावं असा आहे. पण तुमचं सांगते. दंडाला पट्टा लावणाऱ्या मशीनवर भरवसा ठेवा, मनगटावरच्या बीपीवरून काही ठरवू नका. आणि सुई न टोचता शुगर सांगणारं घड्याळ अजिबात घेऊ नका. अमेरिकेच्या एफडीएनं 2024 मध्ये अशा घड्याळांबद्दल लोकांना उघड सावध केलंय. इन्सुलिन घेणारा माणूस त्या आकड्यावर डोस ठरवेल तर जिवावर बेतेल. तासातासाला बघणं मात्र तुम्हीही थांबवा.

सातपुडा_पायथा
मी डॉक्टर नाही. शहाद्याला दुकान आहे. हृदयाच्या भीतीपायी मी दोन वर्षं अशीच काढली आणि समुपदेशन घेऊन बाहेर आलो, त्यातून शिकलो ते लिहितो.

ताई, मिस्टर आकडा खाली येईपर्यंत मोजतात, खरी गाठ तिथे आहे. आकडा वाढला की भीती वाटते, भीतीनं तो अजून वाढतो. चार वेळा मोजल्यावर थोडा उतरतो आणि सुटल्यासारखं वाटतं. मन त्यातून एवढंच शिकतं की मोजलं म्हणून वाचलो. पुढच्या वेळी हात आणखी लवकर मशीनकडे जातो. तुम्ही "काही होणार नाही" म्हणता ना, त्याचाही परिणाम हुबेहूब तोच होतो. तुमचं चुकत नाही, माया आहे म्हणूनच बोलता. पण त्यांच्यासाठी तुम्ही दुसरं मशीन झाला आहात.

मला सांगितलेला नियम असा होता. ठरल्या वेळेव्यतिरिक्त मोजावंसं वाटलं की नाही म्हणायचं नाही, 15 मिनिटं पुढे ढकलायचं. त्या वेळात कागदावर लिहायचं, "आता मोजलं तर किती येईल असं वाटतं, आणि नाही मोजलं तर काय होईल असं वाटतं." 15 मिनिटांनी इच्छा उरली तर पुन्हा 15. पहिले काही दिवस फार जड जातात, घाम फुटतो. मग लक्षात येतं की भीती मशीनशिवायही उतरते. कुलूप लावून हे शिकता येत नाही. मशीन समोर असून हात लावायचा नाही, त्यातच सगळं आहे. लपवलंत तर ते मेडिकलवर जाऊन मोजतील.

अमेरिकेत 2020 मध्ये डॉक्टरांनी एक केस छापली होती. 70 वर्षांच्या एका बाईंनी घड्याळावर एका वर्षात 916 ईसीजी काढले होते. तेव्हा तुमचे मिस्टर काही जगावेगळे नाहीत.

केळीबाग_रावेर
सिस्टर, शिवणाची टेप घेऊन मोजलं. दंड साडेचौतीस सेंटीमीटर भरला. पट्ट्यावर 22 ते 32 लिहिलंय.

सिस्टर_भुसावळ
मग पट्टा लहान पडतोय. लहान पट्ट्यावर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. मेहनतीच्या दंडांचं हे नेहमीचं आहे. त्याच कंपनीचा मोठा पट्टा मागवा, बहुतेक 42 पर्यंतचा मिळतो. आधीच्या वहीतले आकडे डॉक्टरांना जरूर दाखवा, पण पट्टा लहान होता हे सांगून. नवा आठवडा नव्या पट्ट्यानं सुरू करा.

आणि वहीच्या पहिल्या पानावर हे लिहून ठेवा, म्हणजे रात्री विचार करत बसायला नको. वरचं 180 किंवा खालचं 120 च्या पुढे गेलं, पण बाकी काही त्रास नाही, तर पाच मिनिटं शांत बसून एकदाच पुन्हा मोजायचं. तेवढंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, जीभ जड होणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, अचानक दिसेनासं होणं, यातलं काहीही झालं तर आकडा कितीही असो, मोजत बसू नका. लगेच 108 ला फोन. आकडा बरोबर आहे म्हणून छातीतलं दुखणं अंगावर काढणारेही मी पाहिलेत.

केळीबाग_रावेर
सगळ्यांना धन्यवाद. मोठा पट्टा आला. सात दिवस सकाळी दूध काढायच्या आधी आणि संध्याकाळी दिवा लावल्यावर मोजलं. मधल्या वेळेत ह्यांचं मन फार ओढ घ्यायचं, 15 मिनिटांचा कागद बराच भरलाय. दोनदा न राहवून मोजलंच, ते वेगळ्या पानावर लिहिलं. पहिला दिवस सोडून 24 रीडिंगची सरासरी 133/83 आली. सगळ्यात जास्त 149/92, सगळ्यात कमी 117/74. हे म्हणतात 149 आलंच कसं?

"काही होणार नाही ना" विचारलं की मी आता "संध्याकाळी वहीत बघू" म्हणते. आधी दोन-तीन दिवस चिडले. आता कमी विचारतात.

सिस्टर_भुसावळ
वेगळ्या पानावर लिहिलंत ते छान केलंत, ते सरासरीत धरायचे नाहीत. 149 पण आलं आणि 117 पण आलं, दोन्ही त्यांचंच बीपी. 133/83 रेषेच्या खाली आहे पण लांब नाही. गोळी लागेल की नाही ते डॉक्टर शुगर, कोलेस्टेरॉल, घरातला इतिहास बघून ठरवतील, मी इथून सांगणार नाही. जेवणातलं मीठ, लोणचं, पापड मात्र आजपासून कमी करा. पुढे किती वेळा मोजायचं ते त्यांनाच विचारून वहीत लिहून घ्या. स्थिर असलेल्या माणसाला आठवड्यातून एखाद-दोन दिवस सहसा पुरतं.

आबा_अमळनेर
पट्ट्याचं मला माहीत नव्हतं. आमच्या घरचं मशीन आज बघतो. पण घड्याळाचं काय ठरलं?

सातपुडा_पायथा
मोटरीपर्यंत अंधारात चालत गेल्यावर 118 म्हणजे हृदय आपलं काम करतंय. मे महिन्यात आपल्याकडे पारा 44-45 ला जातो, अंगातलं पाणी कमी होतं, तेव्हा बसल्या जागीही ठोके नेहमीपेक्षा जास्त दिसतात. पाणी पिऊन सावलीत बसावं. चक्कर, उलटी, बरळणं असेल तर तो उष्माघात, तिथे घड्याळ बघत थांबायचं नाही. मी घड्याळाच्या तोंडावरून ठोक्यांचा आकडा काढून टाकला, ऑक्सिजन मोजणं बंद केलं. ठोके अनियमित झाल्याची सूचना तेवढी चालू ठेवली. आपणहून बघायची गरज उरत नाही.

सिस्टर_भुसावळ
इथे माझं मत वेगळं आहे. ज्याला भीतीचा त्रास आहे, त्याचा त्या सूचनेनंच जीव घाबरतो, आणि ती चुकीचीही वाजते. डॉक्टरांनी ठोक्यांसाठी सांगितलेलं नसेल तर निदान दोन महिने बंद ठेवावी असं मला वाटतं. ईसीजी दवाखान्यात एकदा काढून घ्या.

सातपुडा_पायथा
माझ्या बाबतीत चालू ठेवल्यानंच मन थाऱ्यावर आलं, सिस्टर. माणसागणिक फरक असणार. ताई, मिस्टरांनाच विचारा, आणि जे ठरेल ते महिनाभर बदलू नका. कागद भरूनही झोप आणि जेवण सुधारलं नाही तर मानसोपचार तज्ज्ञांकडे जा. 14416 हा टेली मानसचा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

केळीबाग_रावेर
विचारलं. रात्री घड्याळ उशाशी नको, बाहेर ओट्याच्या खोलीत चार्जिंगला लावतो म्हणाले. सूचनेचं सोमवारी डॉक्टरांना विचारून ठरवू. संदीपदादा, तुम्ही पण एकदा दंड मोजा.