‘लो लेटन्सी’ला मराठीत काय म्हणावं?

मृणाल, गोरेगाव
वायरलेस इअरबड्सची एक माहितीपुस्तिका मराठीत करायचं काम आलंय. त्यात ‘लो लेटन्सी गेमिंग मोड’ आहे. आधीच्या अनुवादात ‘कमी सुप्तता मोड’ असं छापलंय. आईने ते वाचून विचारलं, “म्हणजे हे कानात घातलं की झोप लागत नाही का?” बरं, अ‍ॅपमधल्या बटणावर जेमतेम १४ अक्षरं मावतात. ‘अल्पविलंब’ चालेल का? की ‘जलद मोड’?

कुलकर्णी सर, पार्ले
‘सुप्तता’ आली कुठून ते सांगतो. मूळ लॅटिन धातूचा अर्थ दडून राहणे. दहावीच्या विज्ञानात ‘लेटन्ट हीट’ला आपण ‘अप्रकट उष्मा’ म्हणतो, तोच हा धातू. अनुवादकाने कोश उघडून पहिला अर्थ उचललेला दिसतो. इथे मात्र विलंबच अभिप्रेत आहे. ब्लूटूथच्या लहरी प्रकाशाच्या वेगाने जातात, त्यामुळे उशीर हवेत होत नाही, चिपमध्ये आकडेमोड करताना होतो. गेमिंग मोडमध्ये चिप वेगाने काम करत असणार. तेव्हा ‘जलद मोड’ चुकीचं म्हणता येणार नाही.

ओंकार
कुठले बड्स आहेत ताई? मला दोन हजारांच्या आतले हवेत. आत्ताचे लय लॅग मारतात. समोरचा गोळी मारतो, मी मरतो, मग आवाज येतो.

मृणाल
ओंकार, इथे शब्दावर चर्चा चाललीय रे. पण तू ‘लॅग मारतात’ म्हणालास ते टिपून ठेवलं.

संदीप, अंधेरी
मी सहा वर्षं इअरबड्सच्या टेस्टिंगमध्ये काढली आहेत, म्हणून थोडं लांबण लावतो.

सर, हवेत उशीर होत नाही हे तुमचं बरोबर. चिपचं मात्र तसं नाही. आवाज दाबून पाठवायच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. साध्या एसबीसी कोडेकमध्ये आवाजाचा एक तुकडा जेमतेम ३ मिलिसेकंदांचा असतो. तो बांधायला आणि सोडायला फार वेळ लागत नाही. तरी नेहमीच्या मोडमध्ये आवाज दीडशे-दोनशे मिलिसेकंद मागे असतो, कारण बड्स आवाज मुद्दाम साठवून ठेवतात.

आपल्या बिल्डिंगची टाकी घ्या. पालिकेचं पाणी सकाळी ठरावीक वेळ येतं, ते टाकीत चढतं आणि नळाला दिवसभर पुरतं. दुपारी आपण जे पाणी वापरतो ते सकाळचं असतं. टाकी जितकी मोठी तितकं नळाचं पाणी शिळं, पण मधे पुरवठा तुटला तरी बादली भरते. गेमिंग मोडमध्ये टाकीच्या जागी पिंप ठेवतात. पाणी ताजं येतं, आणि पुरवठा जरा अडखळला की नळ कोरडा. यात काहीही ‘जलद’ झालेलं नसतं, फक्त साठा कमी केलेला असतो. म्हणून ‘जलद मोड’ला माझा विरोध.

कुलकर्णी सर
टाकीचं पटलं. पण पुरवठा अडखळतो कशाने? फोन खिशात, बड्स कानात. मधे अंतर ते किती!

संदीप
अंतर कमी आहे, पण मधे आपणच असतो. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि शरीरातलं पाणी त्या लहरी शोषून घेतं. फोन पँटच्या मागच्या खिशात टाकला की वाटेत अख्खी कंबर येते. त्याच पट्ट्यात शेजाऱ्यांची वायफाय असतात. ब्लूटूथ म्हणून सेकंदाला १६०० वेळांपर्यंत चॅनेल बदलत पळतं. एखादा तुकडा पोचला नाही तर फोन तो पुन्हा पाठवतो, गरज पडली तर तिसऱ्यांदाही. हे पुन्हा पाठवणं चालू असताना कानाला साठ्यातला आवाज मिळत राहतो. गाणी ऐकताना असे किती तुकडे वाटेत पडतात याचा आपल्याला पत्ता नसतो. साठा ४० मिलिसेकंदांचाच असेल आणि गडबड ६० मिलिसेकंद चालली, तर मधल्या २० मिलिसेकंदांना कानात द्यायला काही नसतं. तिथे ‘टक्’ ऐकू येतं किंवा आवाज तुटतो.

ओंकार
थांबा थांबा. म्हणूनच काय! मी घाटकोपरला ठाणे स्लो पकडतो, गर्दीत गाणं ‘खर्र खर्र’ करतं. घरी तेच बड्स मस्त चालतात. मला वाटलं पाणी गेलं आत.

संदीप
गेमिंग मोड चालू राहिलाय का बघ. बऱ्याच बड्सवर तीन टॅप केले की तो चालू होतो, गर्दीत कानाला हात लागूनही होतो. बंद करून उद्या त्याच ट्रेनने जा. खरखर थांबली तर बड्स धड आहेत. तरीही आली तर मग पाण्याचा विचार करू.

वैदेही, दादर
मी तबला शिकवते, तांत्रिक काही कळत नाही. पण ‘विलंब’ ऐकलं की मला विलंबित लय आठवते. विलंबित म्हणजे उशिरा नाही, दोन मात्रांमधलं अंतर मोठं. विलंबितात वाजवणारा उशीर करत नसतो, समेवर तो वेळेवरच येतो. तुमच्या बड्समध्ये लय तीच राहते, सगळंच्या सगळं मागे सरकतं. आमच्याकडे साथीला बसलेला असा मागे राहिला की ‘मागे पडतोय’ म्हणतात. आणि हे २०० मिलिसेकंद खरंच एवढे जाणवतात का हो?

संदीप
वैदेहीताई, दादरलाच आहात तर शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून बघा. बॅट चेंडूला लागलेली दिसते आणि ‘टक’ नंतर येतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो.

माझ्या घरच्या बड्सवर मी मोजलं तेच सांगतो. गेममध्ये गोळीचं बटण नखाने टकटक दाबायचं, आणि शेजारी दुसऱ्या फोनवर रेकॉर्डिंग लावून त्याच्या माइकजवळ एक बड ठेवायचा. रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं की दोन टोकं दिसतात, पहिलं काचेवर नखाचं, दुसरं गोळीचं. त्यांच्यातलं अंतर वाचायचं. एका मापावर भागत नाही, दर वेळी थोडं मागेपुढे होतं. मी दहा-दहा मापं घेऊन सरासरी काढली.

आधी बड्स न लावता फोनच्या स्पीकरवर केलं, ९५ मिलिसेकंद आले. हा स्क्रीनचा, गेमचा आणि फोनचा स्वतःचा उशीर. बड्स नेहमीच्या मोडमध्ये २९०. गेमिंग मोडमध्ये १६५. म्हणजे स्पीकरपेक्षा बड्सनी वाढवलेला उशीर आधी १९५ आणि नंतर ७०. कट्ट्याच्या भाषेत, आधी तुम्ही बॅट्समनपासून ६६ मीटरवर, जवळजवळ सीमारेषेवर बसला होतात. गेमिंग मोडने तुम्हाला २४ मीटरवर आणलं, पिचच्या लांबीहून थोडंसंच लांब. खोक्यावर मात्र ४५ लिहिलंय. कुठून कुठपर्यंतचे ४५, ते लिहिलेलं नाही.

कुलकर्णी सर
मग यूट्यूबवर बातम्या पाहताना ओठ आणि आवाज जुळतात कसे? मला कधी फरक जाणवला नाही.

संदीप
किती उशीर होणार ते बड्स फोनला कळवतात आणि व्हिडिओ चालवणारं अ‍ॅप चित्र तेवढंच थांबवून दाखवतं. पुढचं चित्र त्याच्या हातात असतं म्हणून ते जमतं. गेममध्ये पुढचं चित्र तुमच्या अंगठ्यावर ठरतं, ते थांबवणार कसं? म्हणून बातम्या आणि सिनेमासाठी हा मोड लावून काही मिळत नाही, खरखर तेवढी पदरात पडते.

ओंकार
पण गेमिंग मोडमध्ये आवाजाची वाट लागते ते खरंय. टीमशी बोलायला लागलो की सगळं जुन्या फोनसारखं डबड्यातून येतं. आणि पिंगही कमी होत नाही.

संदीप
या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पिंग म्हणजे इंटरनेटचा उशीर, फोन ते सर्व्हर. त्याचा बड्सशी संबंध नाही.

डबड्यासारखा आवाज गेमिंग मोडमुळे येत नाही, माइकमुळे येतो. बड्सचा माइक चालू झाला की ब्लूटूथ गाण्याचा मार्ग सोडून फोनकॉलच्या मार्गावर जातं, तिथे आवाज मोनो आणि अरुंद होतो. गेममधला माइक बंद करून बघ, मोड तसाच ठेवून. आवाज लगेच भरदार झाला तर दोष माइकच्या मार्गाचा.

गेमिंग मोडने आवाजात होणारा फरक याहून बारीक असतो. पुन्हा पाठवायला वेळ उरावा म्हणून काही बड्स प्रति सेकंद पाठवायची माहितीच कमी करतात. एलडीएसी हा कोडेक सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत जातो, पण कितीतरी बड्स गेमिंग मोड लावला की त्यावरून उतरून एएसी किंवा एसबीसीवर येतात. अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये `Bluetooth Audio Codec` उघडून मोड लावण्याआधी आणि नंतर बघा, नाव बदललेलं दिसेल. झांजेत, टाळ्यांत, तानपुऱ्यात फरक कळतो. गोळीबारात मला तरी कळत नाही. आणि काही कंपन्या याच मोडमध्ये पावलांचा आवाज उठून दिसावा म्हणून इक्वलायझर बदलतात. लोक त्याला ‘आवाज बिघडला’ म्हणतात, पण ते मुद्दाम केलेलं असतं.

वैदेही
म्हणजे माझ्या विद्यार्थ्यांनी तानपुरा ऐकताना हा मोड बंद ठेवायचा. आणि बड्स लावून तानपुरा अ‍ॅपबरोबर रियाज करताना?

संदीप
तानपुऱ्याला चालेल, तो मागे असला तरी तुम्ही ऐकता त्याच्याशीच सूर लावता. तबल्याच्या ठेक्याचंही तेच. पंचाईत होते ती अ‍ॅपमध्ये स्वतः बोटाने वाजवताना. तिथे ७० मिलिसेकंदही हाताला टोचतात. वायर लावा.

मृणाल
शब्दांकडे येऊ. ‘दिरंगाई’ मी आधीच बाद केला, फाइल टेबलावर पडून राहिल्यासारखं वाटतं. हा साठा तर मुद्दाम ठेवलेला. ‘खोळंबा’ही नको, त्यात सगळं अडून राहतं. वैदेहीताईंचं ‘मागे पडणं’ मला सगळ्यात जवळचं वाटतंय.

कुलकर्णी सर
माझं मत अजूनही ‘अल्पविलंब’. बोलीतला शब्द पुस्तिकेत हलका वाटतो. ‘जलद’ मात्र मागे घेतो.

ओंकार
सर, ‘अल्पविलंब’ वाचून मी ते बटण दाबणारच नाही. ‘लॅग कमी’ लिहा ना.

संदीप
‘लॅग’ लिहिलंत तर ओंकारसारखे सगळे पिंग कमी होईल म्हणून दाबतील.

मृणाल
कंपनीशी बोलून आले. बटणावर ‘गेमिंग मोड’च राहणार, नाव बदलायची परवानगी नाही. पण खालच्या स्पष्टीकरणातून ‘सुप्तता’ काढली. आता तिथे असं आहे: “गेम खेळताना आवाज चित्राच्या मागे पडत असेल तर हा मोड लावा. गर्दीत किंवा फोन दूर असताना आवाज तुटू शकतो. गाणी ऐकताना मोड बंद ठेवा.” दुसरं वाक्य ठेवायला त्यांनी बरीच खळखळ केली.

आता पुढचं पान ‘जिटर’चं आहे. उशीर सारखा नसतो, कधी कमी कधी जास्त, त्याला काय म्हणू?

कुलकर्णी सर
‘विलंबविचलन’.

वैदेही
सर, नको. लय डगमगते म्हणतो आम्ही.

ओंकार
संदीपदादा, आज मोड बंद करून गेलो. ठाण्यापर्यंत एकदाही खरखर नाही. मुलुंडला एकदा तुटला, पण तेव्हा फोन बॅगेत होता आणि बॅग वरच्या रॅकवर. हे धरायचं का?