मदत हवी आहे: पाच मिनिटांचा टॉक साडेआठ मिनिटांवर जातोय, काय कापू?

खामल्याचा_कोडर: शनिवारी इथे नागपुरात डेव्हलपर मंडळींसमोर पाच मिनिटांचा लाइटनिंग टॉक द्यायचाय. कळमन्यातल्या एका व्यापाऱ्याला पेट्यांच्या लेबलांचं सॉफ्टवेअर करून दिलं होतं. मालाचं नाव बारा कॅरेक्टरवर कापत होतो. छापून आलं ‘नागपुरी संत्’. शेठ म्हणाले, “हे संत कोण बे?”

```python
len("संत्री")            # 6
"नागपुरी संत्री"[:12]    # 'नागपुरी संत्'
```

अकरा स्लाइड आहेत: माझी ओळख, ASCII, युनिकोडचा इतिहास, UTF-8, मग हा किस्सा, उपाय, धन्यवाद. घरी घड्याळ लावून बोललो तर साडेआठ मिनिटं.

वऱ्हाडी_बाणा: लाइटनिंग टॉकला वीस स्लाइड लागतात, दर पंधरा सेकंदांनी आपोआप पुढे जातात. अकरा म्हणजे कमीच.

जुनी_खोड: तो इग्नाइटचा नियम, भाऊ. आयोजकांनी तसं सांगितलं नसेल तर विसरा.

कोडर, इतिहास काहून सांगता? तुमचं म्हणणं एकच: पायथनचा `len()` कोडपॉइंट मोजतो, वाचणारा अक्षरं मोजतो. ज्या स्लाइडशिवाय हे कळतं ती काढा. उरतात तीन: फसलेल्या लेबलचा फोटो, वरच्या दोन ओळी, दुरुस्त लेबल. नाव नंतर सांगा, सुरुवात थेट फोटोने. शेठचं वाक्य पहिल्या अर्ध्या मिनिटात आलं पाहिजे. मग दोन मिनिटं फक्त ‘संत्री’ फोडून दाखवा: स, अनुस्वार, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी. बोटांवर मोजा, लोकही मोजतील.

शेवटचं वाक्य आधी लिहून पाठ करा. चौथ्या मिनिटाला कुठेही असा, तिथून थेट त्या वाक्यावर या. ‘धन्यवाद, काही प्रश्न?’ ही स्लाइड नको, दुरुस्त लेबलच पडद्यावर राहू द्या. आणि सराव साडेचार मिनिटांचा करा, लोक हसतात त्यात वेळ जातो.

सीताबर्डी_प्रिंट्स: आमच्या थर्मल प्रिंटरवर पण जोडाक्षरं तुटतात. फॉन्ट बदलून पाहा.

खामल्याचा_कोडर: दादा, लेबल केव्हाच दुरुस्त झालं, अडचण बोलण्याची आहे.

जुनी_खोड, काल तसं करून पाहिलं. चार मिनिटं चाळीस. पण उपायाला एकच वाक्य उरतं: `regex` मॉड्यूलच्या `\X` ने तोडा. तिथेही ग्यानबाची मेख आहे. युनिकोड १५.१ च्या आधीच्या नियमांनी ‘त्री’चे दोन तुकडे पडतात, नंतरच्या नियमांनी एकच. हे सांगू की गाळू?

जुनी_खोड: गाळा. कोणी विचारलंच तर चहाच्या वेळी सांगा.

धरमपेठी: मला नाही पटत. समोर कोड लिहिणारेच बसलेत. सोमवारी घरी करून पाहतील, ‘संत्री’चे दोनऐवजी तीन तुकडे आले की तुम्हालाच खोटं म्हणतील. दहा सेकंद द्या त्याला.

खामल्याचा_कोडर: शेवटचं वाक्य सध्या असं आहे: “कापण्याआधी मोठ्याने वाचा, तोंडात अडलं, तर चुकीच्या जागी कापलंय.” दहा सेकंदांचं आज रात्री दोन्ही प्रकारे बोलून बघतो.