मदत हवी आहे: वहिनीच्या शब्दांच्या टेबलमध्ये 'लागणे' कसं बसवू?

पावसाळीढग
नमस्कार मंडळी. माझी वहिनी कानपूरची आहे, लग्नाला आठ महिने झाले आणि आईशी फक्त मराठीतच बोलायचं हे तिनेच ठरवलंय. तिच्यासाठी मी गूगल शीटमध्ये टेबल करतेय, शब्द, अर्थ, वाक्य आणि टीप असे चार कॉलम, दोनशेच्या वर शब्द झालेत. टीपेत मी मुख्यतः हिंदीशी गोंधळ होणारे शब्द लिहिते, म्हणजे आपल्याकडे शिक्षा म्हणजे पढाई नाही सजा, चेष्टा म्हणजे कोशिश नाही मस्करी, वगैरे. हे सगळं नीट चाललं होतं पण 'लागणे'पाशी अडलंय. आत्ता ओळ अशी आहे:

| शब्द | अर्थ | वाक्य | टीप |
|---|---|---|---|
| लागणे | लगना | मला भूक लागली | हिंदीसारखंच |

ती 'हिंदीसारखंच' टीप माझीच, आणि तिने ती विश्वासाने वापरली. आता ती मला भीती लागते म्हणते, थंडी लागते म्हणते, हे गाणं मला चांगलं लागतं म्हणते. परवा मावशीकडे चहा घेणार का विचारलं तर म्हणाली, "हो, मला चहा लागतो." मावशीला वाटलं हिला चहाशिवाय चालत नाही, तेव्हापासून तिकडे गेलं की न विचारता मोठा कप भरून येतो, आणि वहिनी मुळात चहा फार पीत नाही. घरी आल्यावर मला म्हणाली, मी तर तुझ्या टेबलमधूनच घेतलं होतं. फार वाईट वाटलं. ही ओळ कशी लिहू?

घाटावरचा
सोपं आहे. अर्थाच्या कॉलममध्ये स्वल्पविराम देऊन सगळे अर्थ लिहा, गरज असणे, सुरू होणे, इजा होणे, खर्च होणे, डिक्शनरीत तसंच असतं. आणि भीती, थंडी ह्यांना लागणे नाहीच, भीती वाटते आणि थंडी वाजते, त्यांच्या ओळी वेगळ्या करा. अजून एक, 'जावं लागतं' हेच बरोबर, 'जायला लागतं' चूक आहे, ते टेबलमध्ये येऊ देऊ नका.

चिंचगुळ
माझा नातू न्यू जर्सीला आहे, सहा वर्षांचा, त्याच्यासाठी मी असंच करते पण चित्रं काढून. आंबा, खुर्ची, मांजर. शब्दाशेजारी चित्र असलं की अर्थ लिहावाच लागत नाही. तुम्ही पण चित्रं लावून बघा की.

पावसाळीढग
चिंचगुळ काकू, वहिनी एकतीस वर्षांची आहे हो, आणि लागणेचं चित्र काय काढू? पण तुम्ही आत्ताच 'लिहावाच लागत नाही' लिहिलंत ना, तेच तर मला समजावता येत नाहीये!

रानजाई
मी बँकेतल्या अमराठी लोकांना बोलायचं मराठी शिकवते, नऊ वर्षं झाली, आणि लागणे दर बॅचला येतंच. घाटावरचा म्हणतायत तशी भीती वाटते, थंडी वाजते ह्यांची वेगळी ओळ करा, ते पटलं. पण स्वल्पविरामाने अर्थ लिहिणं शिकणाऱ्याच्या कामाचं नाही. मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती १८५७ ची) उघडून 'लागणें' बघा, शब्द अनुस्वारासकट छापलाय, अर्थांची मोठी रांग आहे. ज्याला भाषा येते त्याला ती रांग वाचायला मजा येते, ज्याला येत नाही त्याला त्यातला कुठला अर्थ कधी घ्यायचा हे कळतच नाही.

माझ्या मते एका शब्दाला एक ओळ हा हट्टच सोडा. एका वाक्याच्या साच्याला एक ओळ द्या, आणि पहिल्या कॉलममध्ये नुसतं 'लागणे' न लिहिता साचाच लिहा. टीपेत दोनच गोष्टी हव्यात: 'ला' कोणाला लागतो, आणि क्रियापद कोणाप्रमाणे बदलतं.

वहिनींचा चहा घ्या. 'मला चहा लागतो' ही सवय झाली, रोज सकाळी लागतो. आत्ता हवा असेल तर 'मला चहा हवाय' किंवा 'चालेल'. म्हणजे टीपेत 'गरज' लिहून भागत नाही, 'नेहमीची गरज, आत्ताची नाही' असं लिहावं लागेल. झोपेचंही तसंच. 'झोप येतेय' म्हणजे डोळे मिटतायत, 'झोप लागली' म्हणजे झोपला पण. ह्या दोन ओळी एकाखाली एक ठेवा, लांब गेल्या की फरक दिसत नाही.

आता 'जायला लागतं'. ते चूक आहे असं मी म्हणणार नाही, मी स्वतः बोलताना म्हणते. फरक 'ला' कुठे आहे ह्यात आहे. 'तो ऑफिसला जायला लागला' म्हणजे जाणं सुरू झालं. 'त्याला ऑफिसला जायला लागलं' म्हणजे इच्छा नसताना गेला. माणसाला 'ला' लागला की सक्ती, नाही लागला की सुरुवात. हे वहिनींना पाच मिनिटांत कळेल, कारण हिंदीतपण 'वह जाने लगा' आणि 'उसको जाना पड़ा' असंच आहे. सक्तीला हिंदीत पडना येतं, लगना नाही, म्हणून तुमची 'हिंदीसारखंच' टीप तिथेही फसते.

घाटावरचा
बोलण्यात असेल, पण लेखी मराठीत 'जावं लागतं'च शोभतं. शिकणाऱ्याला आधी शुद्ध रूप द्यावं असं माझं मत आहे.

संत्रानगरी
मी नागपूरचा. आमच्या घरी 'थंडी लागते' म्हणतातच. वहिनींची ती ओळ चुकीत टाकू नका, एवढंच.

पावसाळीढग
रानजाई ताई, तुमचं वाचून लगेच बसले. नागपूरची गोष्ट मला माहीतच नव्हती, टीपेत लिहिते की नाशकात वाजते म्हणतात. बघा कसं वाटतंय:

| साचा | अर्थ | वाक्य | टीप |
|---|---|---|---|
| (कोणाला) + वस्तू + लागते | नेहमी गरज असते | आईला झोपताना पंखा लागतो | आत्ता हवं असेल तर 'हवाय' |
| (कोणाला) झोप लागली | झोपून गेला | बाबांना बातम्या बघताना झोप लागली | नुसते डोळे जड झाले तर 'येतेय' |
| (कोण) + करायला लागला | सुरू झालं | बाळ रडायला लागलं | माणसाला 'ला' नाही |
| (कोणाला) + करावं लागतं | करणं भाग आहे, पडना | मला पोळ्या लाटावं लागतं | माणसाला 'ला' |

रानजाई
पहिल्या तीन ओळी छान. चौथीतलं वाक्य चुकलंय, घाईत झालं असेल. पोळ्या अनेक आहेत ना, म्हणजे 'मला पोळ्या लाटाव्या लागतात'. एक पोळी असेल तर 'लाटावी लागते', भात असेल तर 'शिजवावा लागतो', पत्र असेल तर 'लिहावं लागतं'. कर्मच नसेल तेव्हा मात्र कायम 'लागतं', जसं 'मला थांबावं लागतं'. ह्या एका साच्याला तीन-चार वाक्यं द्याच, इथे एका वाक्याने भागत नाही, माझ्याकडचे लोक दोन-दोन वर्षं 'पोळ्या करावं लागतं' म्हणत राहतात कारण पहिल्या दिवशी त्यांना 'थांबावं लागतं' एवढंच दिलेलं असतं. आणि घाटावरचांचं ऐकून टेबलमध्ये 'करावं'च ठेवा, 'करायला लागतं' कानावर पडेल तेव्हा ओळखू यावं म्हणून टीपेत असू दे.

पावसाळीढग
अरे हो, लाटाव्या! बोलताना मी कधीच चुकत नाही, टाइप करताना मात्र साचा बघून वाक्य बनवलं आणि फसले. बदललं.

आता एकच राहिलं. काल वहिनीला सांगितलं की मला बस लागते, म्हणजे घाटात उलटी होते. आणि आज सीबीएसवर कंडक्टर ओरडत होता, पुणे बस लागली, पुणे लागली. तिने विचारलं, ह्यात बसला काय झालं? फोन लागला, घर लागलं, दार लागलं हे पण आहेच. ह्या सगळ्यांना साचा काय देऊ? का प्रत्येकाची सुटी ओळ करू?

रानजाई
सुट्या ओळी. 'मला बस लागते'ला माणूस 'ला'चा आहे म्हणून तो साच्यात बसवता येतो, बाकीचे माझ्याकडेपण सुटेच आहेत, पंधरा-सोळा झालेत आणि अजून नीट गट पाडता आलेला नाही. कोणाला जमलं असेल तर इथे टाका, मलाही हवंय.