टॉप-अपचा हप्ता कमी, पण व्याज किती?

"लातूरच्या घराचं स्लॅब वॉटरप्रूफिंग, फरशी आणि किचन करायचंय, ५ लाख लागतील. बँक चालू गृहकर्जावर वाढीव कर्ज, म्हणजे टॉप-अप, ९.५ टक्क्यांनी देतेय, पर्सनल लोन १३ नं. टॉप-अपच घ्यावं ना?"

घ्या, पण मुदत बघून. बँक टॉप-अपची मुदत बहुतेक वेळा चालू गृहकर्जाच्या उरलेल्या वर्षांएवढी धरते. तुमची १५ वर्षं उरली असतील तर हप्ता साधारण ५,२२० बसेल आणि स्वस्त वाटेल, पण एकूण व्याज जातं ४ लाख ४० हजारांच्या आसपास. १३ टक्क्यांचं पर्सनल लोन ५ वर्षांत फेडलं तर हप्ता ११,३७५, व्याज मात्र १ लाख ८३ हजारच.

म्हणून टॉप-अप मागतानाच ५ वर्षांची मुदत लिहून घ्या. हप्ता १०,५०० होईल, व्याज १ लाख ३० हजार. म्हणजे पर्सनल लोनपेक्षा ५०-५५ हजार वाचले. यातून प्रोसेसिंग फी, मूल्यांकन, वकिलाचा अहवाल आणि वाढीव गहाणावरचं मुद्रांक शुल्क वजा करा. काम लाख-दीड लाखाचंच असतं तर या खर्चात बचत जवळपास संपली असती, तेव्हा मी पर्सनल लोनच सुचवलं असतं.

बँकेनं मुदत कमी करायला नकार दिला तरी व्याजदर फ्लोटिंग ठेवा. सोयाबीनचे पैसे आले की मुद्दलात भरा, दंड लागत नाही. भरताना रक्कम टॉप-अपच्याच खात्यात जमा करायला सांगा आणि हप्ता नको, मुदत कमी करा असा अर्ज द्या. मिस्त्री आणि फरशीवाल्याची पक्की बिलं जपा, जुन्या करप्रणालीत दुरुस्तीच्या व्याजावर वर्षाला ३० हजारांपर्यंत वजावट मिळू शकते.