मदत हवी आहे: हळू धावूनही हार्ट रेट झोन ४ मध्येच दाखवतोय, ॲपचा रिपोर्ट नक्की कसा वाचायचा?

पहाटवेळ

नमस्कार मंडळी. मी ३४ वर्षांची, पुण्यात सहकारनगरला राहते, दीड महिन्यापूर्वी धावायला लागले, त्याआधी व्यायाम म्हणजे फक्त चालणं. डिसेंबरमध्ये १० किमी धावायचं ठरवलंय आणि हातात दहा आठवडे आहेत, त्यामुळे आता नुसतं वाटेल तसं न धावता नीट प्लॅन करून धावायचंय. भावाने त्याचं जुनं घड्याळ दिलंय, ॲपमध्ये सगळं दिसतं पण त्यातून काय समजायचं तेच कळत नाहीये.

रविवारचा रन असा होता. पहिले दोन किमी कॉलनीतल्या सपाट रस्त्यावर, तिसरा तळजईचा चढ, मग वर थांबून पाणी प्यायले आणि पुढे झाडीतल्या वाटेने. स्प्लिट म्हणजे त्या किमीला लागलेला वेळ, केडन्स म्हणजे मिनिटाला पडलेली पावलं आणि हार्ट रेट, या क्रमाने लिहिते:

१ किमी – ६:४८, १६४, १६५
२ किमी – ७:१२, १६२, १६३
३ किमी – ७:५०, १५८, १५९
४ किमी – ७:३५, १६०, १४८
५ किमी – ७:३०, १६०, १५२
शेवटचे ०.२१ – पेस ७:०५

एकूण ५.२१ किमी, मूव्हिंग टाइम ३८:२४, ॲव्हरेज पेस ७:२२. झोन ४ मध्ये २६ मिनिटं, झोन ३ मध्ये १०. आता सगळीकडे वाचते की नवीन माणसाने झोन २ मध्ये धावावं, आणि माझा झोन २ ॲप दाखवतं ११२ ते १३०, एवढा हार्ट रेट तर मी जिना चढले तरी होतो! मग मी धावूच नको का? आणि केडन्स कमी आहे म्हणतात तो वाढवायचा कसा? घाबरण्यासारखं काही आहे का तेही सांगा प्लीज.

फिटपंत

ताई, दोन गोष्टी. केडन्स १८० पाहिजे, तुमचा १६० आहे म्हणजे पावलं लांब पडतायत, गुडघे जातील. १८० बीटचा मेट्रोनोम लावा आणि त्यावर धावा. दुसरं म्हणजे १८० मधून वय वजा करा, १४६ येतात, त्याच्या वर हार्ट रेट गेला की चालायला लागायचं, मग कितीही हळू होऊ दे. मी असंच केलं, सहा महिन्यांत बेस तयार झाला. झोनच्या भानगडीत पडूच नका.

वऱ्हाडी_पाहुणा

मी नागपूरला जिममध्ये ट्रेडमिलवर ७.२ ठेवून धावतो, तुमचंही ७:२२ च आहे म्हणजे आपण सेमच, आणि मला तर अजिबात दम लागत नाही. तुम्हाला एवढा त्रास होतोय तर आधी वजन बघा, माझं पण आधी ८८ होतं, रात्रीचा भात सोडला तेव्हा कुठे पळता यायला लागलं.

नाशिकचा_धाव्या

पाहुणे, घोळ होतोय. ट्रेडमिलवरचा ७.२ म्हणजे ताशी ७.२ किमी. ताईंचा ७:२२ म्हणजे एक किमीला सात मिनिटं बावीस सेकंद, तो ताशी ८.१ च्या आसपास येतो. तुमचा ७.२ पेसमध्ये मांडला तर किमीला ८:२० होतात, त्यामुळे सेम नाहीये. आणि ताईंनी वजनाचा विषय काढलेलाच नाही.

पहाटवेळ, तुमचे आकडे मी तीनदा वाचले, कारण त्यात एक गोष्ट लगेच खटकली. पहिल्या तीन किमीत केडन्स आणि हार्ट रेट जवळजवळ एकच आहेत, १६४-१६५, १६२-१६३, १५८-१५९. त्यातही तिसरा बघा, तो चढाचा आहे. चढावर माणसाची पावलं मंदावतात पण हृदय जास्त पळतं. तुमच्या रिपोर्टमध्ये पावलं मंदावली तसा हार्ट रेटही खाली आला. हे उलटं आहे. माझा अंदाज असा की त्या तीन किमीत घड्याळ तुमचे ठोके मोजतच नव्हतं, पावलं मोजत होतं.

हे होतं असं. घड्याळाच्या पाठीमागचा हिरवा दिवा कातडीत प्रकाश टाकतो आणि रक्त कमीजास्त होतं तसा परत येणारा प्रकाश बदलतो, त्यावरून तो ठोके काढतो. पट्टा सैल असेल तर प्रत्येक पावलाला घड्याळ मनगटावर हलतं, त्या हलण्यानेही प्रकाश बदलतो, आणि मग घड्याळ त्याच तालाला नाडी समजून बसतं. गार सकाळी हे जास्त होतं कारण हाताच्या कातडीतलं रक्त कमी झालेलं असतं. पाणी प्यायला थांबलात तेव्हा पट्ट्याला हात लावला होता का? कारण चौथ्या किमीपासून दोन्ही आकडे वेगळे झालेत.

पण इथे एक पण आहे. तुमचा मूव्हिंग टाइम ३८:२४ आहे, इलॅप्स्ड टाइम किती आहे? ऑटो पॉज चालू असेल तर थांबलेली मिनिटं ॲप मोजत नाही, आणि चौथ्या किमीचा हार्ट रेट नुसत्या विश्रांतीनेही खाली आलेला असू शकतो.

पहाटवेळ

अय्या हो! घड्याळ सारखं हाताच्या हाडावर घसरत होतं, म्हणून पाणी पिताना पट्टा दोन भोकं घट्ट केला होता, हे मी लिहायचं विसरलेच. इलॅप्स्ड टाइम आत्ता शोधला, ४२:५० आहे, म्हणजे साडेचार मिनिटं थांबले होते, मला वाटलं मिनिटभरच.

नाशिकचा_धाव्या

मग पुढच्या वेळी एक करा. घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर बांधा, घट्ट पण हाताला मुंग्या येतील इतकं नाही. मध्येच एकदा थांबा आणि थांबल्या थांबल्या गळ्याच्या बाजूला दोन बोटं लावून १५ सेकंद ठोके मोजा, त्याला चारने गुणा. उशीर करू नका, थांबल्यावर ठोके झपाट्याने उतरतात. घड्याळाचा थांबतानाचा आकडा आणि तुमचा आकडा चार-सहाने इकडेतिकडे असेल तर चालेल, वीसचा फरक आला तर घड्याळ खोटं बोलतंय.

आता झोन. तुमच्या ॲपने २२० मधून ३४ वजा करून १८६ हा मॅक्स धरलाय आणि त्याचे सरळ टक्के काढलेत, ६० ते ७० टक्के म्हणजे ११२ ते १३०. हा १८६ तुमचा आहेच असं नाही, एकाच वयाच्या दोन माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. शिवाय टक्के काढायची दुसरी पद्धत आहे जिच्यात सकाळी अंथरुणात असतानाचे ठोके धरतात. समजा तुमचे ६२ आहेत. १८६ मधून ६२ गेले, १२४ उरले, त्याचे ६० ते ७० टक्के काढून त्यात परत ६२ मिळवले की १३६ ते १४९ येतात. हृदय तेच, माणूस तोच, फक्त सेटिंग बदललं की झोन २ कुठल्या कुठे गेला. बऱ्याच ॲपच्या सेटिंगमध्ये हा पर्याय असतो, तो शोधा.

फिटपंत, हळू धावा हे तुमचं म्हणणं पटतं, पण १८० चं नाही. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जॅक डॅनियल्स या कोचने धावपटूंची पावलं मोजली होती, त्यातले बहुतेक १८० च्या वर होते, तिथून हा आकडा पसरला. ती जगातली सर्वात वेगवान माणसं शर्यत धावत होती. साडेसात मिनिटांच्या पेसला १६० वाईट नाही, वेग वाढला की केडन्स आपोआप वाढतो. ताईंनी एकदम १८० केलं तर हार्ट रेटच वर जाईल. पाऊल गुडघ्याच्या फार पुढे टाच आपटून पडत असेल किंवा नडगी दुखत असेल तर पाचेक टक्क्यांनी वाढवून बघावं, बाकी हात लावू नये.

फिटपंत

ऑलिंपिकचं माहीत नव्हतं, पण केडन्स वाढवल्यावर माझं गुडघेदुखीचं बंद झालं हे खरं आहे. आणि १४६ वर मी ठाम आहे, नवीन लोक नेहमी जोरात धावतात.

निर्मळ

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते म्हणून एक सुचवते. पट्टा घट्ट करूनही, हळू धावूनही ठोके खूप वर राहत असतील तर एकदा हिमोग्लोबिन बघून घ्या. आपल्याकडे बायकांमध्ये ते कमी असणं फार कॉमन आहे, आणि रक्त ऑक्सिजन कमी नेत असेल तर हृदयाला जास्त वेळा पंप करावं लागतं. साधी सीबीसी टेस्ट आहे. आणि छातीत दुखणं, चक्कर, ठोके मध्येच चुकल्यासारखं वाटणं यातलं काही होत असेल तर मग ॲपमध्ये बघत बसू नका, सरळ डॉक्टरकडे जा.

पहाटवेळ

चक्कर वगैरे काही नाही. चार दिवसांनी तोच रूट केला, पट्टा सांगितला तसा बांधून आणि मुद्दाम सावकाश. पहिला ७:२०, हार्ट रेट १३९. दुसरा ७:२२, १४६. चढाचा ८:१०, केडन्स १५६ आणि हार्ट रेट १६१! म्हणजे या वेळी पावलं कमी झाली आणि ठोके वाढले. वर पोचल्या पोचल्या गळ्याला बोटं लावली, १५ सेकंदांत ३९, म्हणजे १५६, घड्याळात १५८ होते. इतकं बरं वाटलं की काय सांगू. शेवटचा किमी ७:३० ने धावले तरी १५४ होते आणि मैत्रिणीशी पूर्ण वाक्य बोलता येत नव्हतं, दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत होता. सकाळचे ठोके मोजले ते ६४ आले.

नाशिकचा_धाव्या

आता आकडे खरे वाटतात. ६४ धरले तर तुमचा सोपा झोन साधारण १३७ ते १४९ होतो. शेवटच्या किमीला तुम्ही त्याच्या वर होतात आणि बोलता येत नव्हतं, दोन्ही एकच सांगतायत. म्हणजे ७:३० हा अजून तुमचा सोपा पेस नाही, ७:५० ते ८:१० च्या मध्ये कुठेतरी असेल. आकडा आणि श्वास यांचं भांडण झालं तर श्वासाचं ऐका, कारण तुमचा खरा मॅक्स आपल्याला अजून माहीत नाही आणि दीड महिन्यात तो काढायला दम तुटेस्तोवर पळूही नका.

मी असतो तर आठवड्याला तीन रन ठेवले असते. दोन सपाटावर चार-चार किमी, पूर्ण वाक्य बोलता येईल असे. रविवारी लांबचा, सहापासून सुरू करून दर आठवड्याला अर्धा-पाऊण किमी वाढवत, आणि दर चौथ्या आठवड्याला थोडा कमी. चढ आला की खुशाल चाला. ऑटो पॉज बंद ठेवा म्हणजे विश्रांती लपणार नाही. शेवटचा अर्धवट स्प्लिट बघूच नका, ०.२१ किमीचा पेस जीपीएसच्या दहा मीटरच्या चुकीनेही हलतो, त्यात वरती झाडी. बघायचं एवढंच की पहिला स्प्लिट शेवटच्यापेक्षा फार वेगवान नाही ना. रविवारी तुम्ही ६:४८ ने सुरुवात केलीत तिथेच पुढचे किमी महाग झाले.

प्रगती बघायची असेल तर एक सपाट रूट ठरवा, तीन आठवड्यांनी त्याच पेसला हार्ट रेट किती येतो ते ताडून बघा. एकाच वेळेला धावा पण, ऊन वाढलं की त्याच पेसला ठोके दहाने वर जाऊ शकतात.

फिटपंत

१४९ आणि माझे १४६, फरक तीनचाच निघाला की. पण चढावर चाललं तर शर्यतीत चढ आला की काय करणार?

नाशिकचा_धाव्या

इथे जुळले, सगळ्यांचे जुळतीलच असं नाही. शर्यतीचा रूट चढाचा असेल तर शेवटचे तीन-चार आठवडे आठवड्यातून एकदा चढ धावा, आत्ताच नको. ताई, रूट कसा आहे?

पहाटवेळ

रूट अजून जाहीर झाला नाहीये. मॅप आला की इथेच टाकते. सीबीसी शनिवारी करून घेतेय, आणि या रविवारी ६ किमी, पहिला किमी आठच्या आत धावायचा नाही असं मैत्रिणीला सांगून ठेवलंय, ती पुढे गेली तर मला हाक मारणार नाही म्हणाली. एक अजून राहिलंच, मैत्रिणीचं घड्याळ केडन्स ८० दाखवतं आणि आम्ही बरोबरीने धावतो, ते एकाच पायाचं मोजतं का?